शिसे, चांदी आणि त्यांचा यूटेक्टिक बिंदू

शिसे आणि चांदी वितळलेल्या स्थितीत एकमेकांत कोणत्याही प्रमाणात मिसळतात. थिजताना मात्र फारकत घेतात. शिशाच्या स्फटिकात चांदीला जवळजवळ जागा नसते आणि चांदीच्या स्फटिकात शिशालाही फारशी नसते. द्रवात पूर्ण मैत्री आणि घनात जवळपास पूर्ण वेगळेपणा, असे वागणाऱ्या दोन घटकांची प्रावस्था आकृती सर्वांत साधी असते आणि तिच्यात एक यूटेक्टिक बिंदू असतो. शिसे-चांदीची जोडी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे टिकून आहे, कारण तिच्या आकृतीवर एकोणिसाव्या शतकातला एक मोठा धंदा उभा होता. आकृती मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी काढली गेली.

शुद्ध शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि चांदी 962 अंशांना. वितळलेल्या शिशात थोडी चांदी घातली, की ते 327 अंशांना थिजत नाही. त्याला आणखी थंड व्हावे लागते. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यामागचे कारणच इथेही लागू पडते. चांदीचे अणू मिसळल्यामुळे द्रवाची एन्ट्रॉपी वाढते आणि द्रव अवस्था अधिक स्थिर होते. स्फटिक मात्र पूर्वीप्रमाणे जवळजवळ शुद्ध शिशाचाच असतो, त्यामुळे त्याच्या बाजूने काहीच बदलत नाही. द्रव आणि स्फटिक यांचा तोल साधायचा तर तापमान खाली आणावे लागते. चांदीत शिसे मिसळले तरी चांदीचा गोठणबिंदू याच कारणाने उतरतो.

आडव्या अक्षावर चांदीचे वजनी प्रमाण आणि उभ्या अक्षावर तापमान घेतले, तर डाव्या टोकाकडून शिशाची गोठणरेषा उजवीकडे उतरत येते आणि उजव्या टोकाकडून चांदीची गोठणरेषा डावीकडे उतरते. या दोन रेषांना मिळून द्रवरेषा म्हणतात. त्या जिथे भेटतात तो यूटेक्टिक बिंदू. या जोडीत तो सुमारे 304 अंशांना आणि सुमारे 2.5 टक्के चांदीवर येतो. (अनेक पाठ्यपुस्तकांत 303 अंश आणि 2.6 टक्के असे आकडे आढळतात. फरक मापनाचा आहे.) म्हणजे बिंदू आकृतीच्या मध्यावर नाही, अगदी डाव्या कडेला चिकटलेला आहे. त्याचे कारण दोन वितळणबिंदूंमधल्या मोठ्या अंतरात आहे. शिशाची रेषा फक्त 23 अंश उतरते, तर चांदीची साडेसहाशेहून अधिक अंश उतरत येऊन तिला गाठते. पुस्तकात सोयीसाठी आकृती सममित काढतात, त्यामुळे ही गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते. पण पुढचा सगळा व्यवहार त्या डाव्या कोपऱ्यातच घडतो.

यूटेक्टिक बिंदूतून जाणारी आडवी रेषा आकृतीचा तळ वेगळा करते. त्या रेषेखाली द्रव नसतोच. असतात शिशाचे आणि चांदीचे स्फटिक शेजारी शेजारी. द्रवरेषेच्या वर सगळा द्रव. मधल्या दोन त्रिकोणी भागांपैकी डाव्यात शिशाचे स्फटिक आणि द्रव, उजव्यात चांदीचे स्फटिक आणि द्रव. गिब्जचा प्रावस्था नियम, दाब स्थिर धरल्यावर, F = C − P + 1 असा लिहिता येतो. घटक दोन असल्यामुळे नुसता द्रव असताना तापमान आणि प्रमाण या दोन्ही गोष्टी मोकळेपणाने बदलता येतात. द्रवासोबत एक स्फटिक आला की एकच गोष्ट हाती उरते: तापमान ठरवले की द्रवातले चांदीचे प्रमाण आपोआप ठरते. आणि द्रव, शिसे, चांदी असे तिघे एकत्र आले की काहीच मोकळे राहत नाही. तिघे आहेत तोवर तापमान 304 अंशांवरून हलू शकत नाही.

ही शेवटची गोष्ट आकृती निघण्याच्या कितीतरी आधी प्रयोगात दिसली होती. 1830 च्या सुमारास स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक रुडबर्ग शिसे-कथिलासारख्या मिश्रधातू वितळवून त्यांचे तापमान वेळेनुसार कसे उतरते ते टिपत होता. बहुतेक मिश्रणांत तापमान दोनदा अडखळते, असे त्याला आढळले. पहिली अडखळ मिश्रणाच्या प्रमाणानुसार वेगवेगळ्या तापमानाला येई. दुसरी त्या जोडीसाठी नेहमी त्याच तापमानाला. शीतलन वक्राचा सगळा उपयोग या निरीक्षणात आहे.

शीतलन वक्र काढण्याची पद्धत आजही साधीच आहे. ठरावीक वजनाची मिश्रधातू मुशीत वितळवायची, पृष्ठभागावर कोळशाची पूड टाकून हवा अडवायची, नळीत बसवलेले तापयुग्म मध्यभागी बुडवायचे आणि संथ, एकसारख्या गतीने थंड होऊ देत तापमान नोंदवायचे. शुद्ध शिशाचा वक्र 327 अंशांपर्यंत उतरतो, तिथे सपाट होतो आणि सगळे शिसे थिजल्यावर पुन्हा उतरू लागतो. सपाट भागात मूस उष्णता गमावतच असते. पण थिजणारे शिसे सुप्त उष्णता सोडून ती तूट भरून काढते.

एक टक्का चांदी असलेल्या शिशाचा वक्र वेगळा दिसतो. तो 327 ला न थांबता सुमारे 318 अंशांपर्यंत सरळ उतरतो. तिथे शिशाचे पहिले स्फटिक पडू लागतात आणि वक्राचा उतार एकदम मंदावतो. पण तो सपाट होत नाही. शिसे बाहेर पडत गेले, की उरलेल्या द्रवात चांदी वाढते आणि त्या द्रवाला पुढचे स्फटिक टाकण्यासाठी आणखी थंड व्हावे लागते. म्हणून द्रवाचे प्रमाण द्रवरेषेवरून यूटेक्टिक बिंदूकडे सरकत जाते. द्रवात 2.5 टक्के चांदी झाली, की 304 अंशांना दोन्ही धातू एकदम थिजू लागतात. आता थिजणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण द्रवाइतकेच असल्यामुळे उरलेला द्रव बदलत नाही, आणि शेवटचा थेंब थिजेपर्यंत वक्र सपाट राहतो. मुळातच 2.5 टक्के चांदी घेतली तर पहिला मोड येत नाही. वक्र शुद्ध धातूसारखा दिसतो, फक्त सपाटी 304 ला येते.

या सारखेपणामुळे यूटेक्टिक मिश्रणाला संयुग समजण्याची चूक पूर्वी झाली. मीठ आणि बर्फ यांचे उणे 21 अंशांना गोठणारे मिश्रण ठरावीक प्रमाणाचे हायड्रेट आहे, अशी समजूत फ्रेडरिक गथ्री या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची सुरुवातीला होती. यूटेक्टिक हे नाव मात्र 1884 मध्ये त्यानेच रूढ केले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की शंका उरत नाही: यूटेक्टिकात दोन्ही घटकांचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात. दाब बदलला तर यूटेक्टिकाचे प्रमाणही बदलते. खऱ्या संयुगाच्या सूत्राचे तसे होत नाही.

वक्र वाचताना एक जागा दगा देते. द्रव थिजायला नाखूश असतो. पहिला स्फटिक तयार होण्यापूर्वी तापमान गोठणबिंदूच्या काही अंश खाली घसरते आणि स्फटिक पडताच उसळी मारून वर येते. शुद्ध धातूत या अतिशीतनाने बिघडत नाही, कारण तापमान खऱ्या सपाटीवर परत येते. मिश्रधातूच्या पहिल्या मोडाशी मात्र परत येईपर्यंत बरेच स्फटिक पडून गेलेले असतात, द्रवाचे प्रमाण पुढे सरकलेले असते, आणि उसळीचा माथा खऱ्या द्रवरेषेच्या खालीच राहतो. तो माथा तसाच वाचला तर द्रवरेषा खाली खेचली जाते. उपाय म्हणजे ढवळणे, थंड होण्याची गती कमी ठेवणे आणि मोडानंतरचा भाग मागे वाढवून तो आधीच्या उताराला कुठे छेदतो ते पाहणे. शिशाच्या बाजूची रेषा एकूण 23 अंशच उतरते, म्हणून इथे दोन अंशांची चूकही मोठी ठरते.

आडव्या सपाटीचे तापमान सगळ्या मिश्रणांत तेच असते, पण तिची लांबी सारखी नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्टाव्ह टामान याने या लांबीचाच उपयोग करून घेतला. सारख्या वजनाचे, सारख्या मुशीत, सारख्या गतीने थंड केलेले नमुने घेतले तर सपाटीचा काळ शेवटी थिजणाऱ्या यूटेक्टिक द्रवाच्या वजनाच्या प्रमाणात असतो. 2.5 टक्क्यांच्या मिश्रणाची सपाटी दहा मिनिटे टिकली, तर एक टक्क्याच्या मिश्रणाची चार मिनिटे टिकायला हवी. हे चार कुठून आले, ते तरफेचा नियम सांगतो.

या नियमाला नाव यंत्रशास्त्राचे असले तरी तो निव्वळ हिशोब आहे. एकूण वजन म्हणजे घनाचे वजन अधिक द्रवाचे वजन. एकूण चांदी म्हणजे घनातली चांदी अधिक द्रवातली चांदी. ही दोन समीकरणे एकत्र केली की पुढचे मिळते. मिश्रणाचे एकूण प्रमाण c₀, घनातले cₛ आणि द्रवातले cₗ धरले, तर घनाचे वजन गुणिले (c₀ − cₛ) बरोबर द्रवाचे वजन गुणिले (cₗ − c₀). आकृतीवर त्या तापमानाला आडवी रेघ ओढावी. तिचे एक टोक घनाच्या रेषेवर, दुसरे द्रवरेषेवर, आणि मधला टेकू मिश्रणाच्या प्रमाणावर. ज्या प्रावस्थेचे वजन काढायचे, तिच्या समोरच्या बाजूची भुजा घ्यावी आणि पूर्ण रेघेने भागावी. नेमकी इथेच सर्वांत जास्त चूक होते: जवळची भुजा घेतली जाते. पडताळा सोपा आहे. टेकू द्रवरेषेजवळ असेल तर द्रव जास्त असलाच पाहिजे.

एक टक्का चांदीच्या मिश्रणात 304 अंशांच्या किंचित वर घन जवळजवळ शुद्ध शिसे आहे, म्हणून डावे टोक शून्यावर. उजवे टोक 2.5 वर. द्रवाचा वाटा 1 भागिले 2.5, म्हणजे 40 टक्के. आधीच पडलेले शिशाचे स्फटिक 60 टक्के. तीच चार मिनिटे. बरोबर 304 अंशांवर मात्र नियम लावता येत नाही, कारण तिथे तीन प्रावस्था असतात आणि दोन समीकरणांतून तीन वजने निघत नाहीत. किंचित खाली तो पुन्हा लागू होतो, पण आता दुसरे टोक चांदीवर असते: 99 टक्के शिसे, एक टक्का चांदी. त्या 99 पैकी 60 मोठ्या, आधी वाढलेल्या स्फटिकांत आणि 39 यूटेक्टिकाच्या बारीक विणीत आहे, हे ओळखायला दोन्ही हिशोब लागतात. आकृतीच्या आडव्या अक्षावर वजनी टक्के असतील तर उत्तर वजनाचे येते, मोल-अंश असेल तर मोलांचे. शिशाचा अणू चांदीच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने या जोडीत ही गल्लत महागात पडते. यूटेक्टिकातली 2.5 टक्के चांदी मोलांच्या हिशोबात साडेचार टक्क्यांच्या पुढे जाते.

आता तो धंदा. गॅलेना या खनिजापासून काढलेल्या शिशात थोडी चांदी असते. ती वेगळी करण्याची जुनी रीत म्हणजे भट्टीत हवेच्या झोताखाली सगळे शिसे जाळून त्याचे मुर्दाडशिंग करायचे. चांदी जळत नाही, ती तळाशी उरते. टनभर शिशात काहीशे ग्रॅमच चांदी असेल तर एवढे शिसे जाळून पुन्हा मुर्दाडशिंगापासून मिळवणे परवडत नसे. इंग्लंडच्या उत्तरेकडील शिशाच्या खाणपट्ट्यात काम करणारा ह्यू ली पॅटिन्सन याने पाहिले, की संथ थंड होणाऱ्या शिशात आधी पडणाऱ्या स्फटिकांत चांदी कमी असते. 1833 मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंट घेतले. (हाच पॅटिन्सन 1840 मध्ये नायगारा धबधब्याचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र घेणारा म्हणूनही ओळखला जातो.) लोखंडी कढयांची एक रांग, प्रत्येक कढईखाली स्वतंत्र चूल, आणि भोकांचा मोठा झारा, एवढीच सामग्री. कढई थंड होऊ लागली की स्फटिक झाऱ्याने उपसून एका बाजूच्या कढईत टाकायचे आणि उरलेला द्रव दुसऱ्या बाजूच्या कढईत. साधारण दोन तृतीयांश माल स्फटिक म्हणून उपसला, की थांबायचे.

टनाला एक किलो चांदी, म्हणजे 0.1 टक्का असलेल्या 1,000 किलो शिशाचा हिशोब करून पाहता येतो. शिशाची द्रवरेषा सरळ धरली तर एक टक्का चांदीमागे सुमारे सव्वानऊ अंश तापमान उतरते. म्हणजे 0.1 टक्क्याचे शिसे शुद्ध शिशाच्या फक्त एक अंश खाली थिजू लागते. स्फटिक शुद्ध शिशाचे असतील आणि दोन तृतीयांश माल खरोखर थिजला असेल, तर सगळी चांदी उरलेल्या तृतीयांशात येऊन तिथले प्रमाण तिप्पट, 0.3 टक्के व्हायला हवे. प्रत्यक्ष कारखान्यात द्रवाचे प्रमाण तिप्पट होत नसे, दुप्पट होई. आणि उपसलेल्या स्फटिकांत चांदी शून्य नसे, मूळच्या निम्मी असे. चांदीचा ताळा जमतो: दोन तृतीयांशाचे निम्मे आणि एक तृतीयांशाचे दुप्पट मिळून एक. प्रश्न असा, की तरफेचा नियम चुकला की काय.

नियम चुकलेला नाही. त्याला उलट प्रश्न विचारला की कढईत काय घडले ते तोच सांगतो. द्रवात 0.2 टक्के चांदी असेल आणि मिश्रणात एकूण 0.1, तर द्रवाचा वाटा 0.1 भागिले 0.2, म्हणजे निम्मा. कढईत 500 किलोच शिसे थिजले होते. झाऱ्याने उपसले 667 किलो. म्हणजे उपशातले 167 किलो, बरोबर एक चतुर्थांश, स्फटिकांच्या खाचाखोचांत अडकलेला द्रव होता. त्या द्रवात 0.2 टक्के चांदी. चौथा हिस्सा म्हटल्यावर उपशात सरासरी 0.05 टक्के. कारखान्यातला निम्म्याचा आकडा हाच. प्रावस्था आकृती घन किती आणि द्रव किती ते सांगते; दोघांना वेगळे किती करता येईल, ते झारा, निथळण्याचा वेळ आणि स्फटिकांचा आकार ठरवतो.

याच हिशोबातून कढयांची रांग का लागते तेही कळते. कागदावर 0.1 टक्क्याचे मिश्रण एकाच कढईत 304 अंशांपर्यंत नेले तर 960 किलो स्फटिक आणि 40 किलो यूटेक्टिक द्रव उरायला हवा. पण 40 किलो द्रव 960 किलो स्फटिकांच्या चिखलातून निथळूच शकत नाही. तो सगळा आतच राहतो. म्हणून अर्धे थिजवायचे, वेगळे करायचे आणि पुन्हा वितळवायचे. द्रवाच्या बाजूला प्रमाण दर खेपेस दुप्पट होते: 0.1 वरून 0.2, 0.4, 0.8 आणि 1.6. स्फटिकांच्या बाजूला निम्मे होते, आणि टनामागे हजार ग्रॅमवरून सोळा ग्रॅमपर्यंत उतरायला सहा खेपा लागतात. प्रत्येक पायरीला एक कढई.

द्रवाच्या बाजूची रांग 1.6 च्या आसपास संपते, आणि ती मर्यादा झाऱ्याने नव्हे, आकृतीनेच घातलेली आहे. दुप्पट करायचे तर अर्धा माल थिजला पाहिजे. 1.6 टक्क्याच्या शिशात 304 अंशांपर्यंत जाऊनही 36 टक्केच शिसे एकटे थिजते; उरलेला 64 टक्के द्रव यूटेक्टिक बिंदूला पोहोचलेला असतो आणि त्यापुढे चांदीही शिशासोबत थिजू लागते. द्रवाला 2.5 टक्क्यांच्या पलीकडे नेण्याचा या मार्गाने कोणताही उपाय नाही. म्हणून इथवर आणलेले श्रीमंत शिसे जुन्याच भट्टीत जाळले जाई. फरक एवढा, की आता एक किलो चांदीसाठी हजार किलो शिसे जाळावे लागत नसे, साठ-पासष्ट किलोत भागे.

आतापर्यंत स्फटिक शुद्ध शिशाचे धरले. ते तसे पूर्णपणे नसतात. 304 अंशांना घन शिशात सुमारे 0.1 टक्का चांदी विरघळलेली राहू शकते, म्हणजे द्रवातल्या प्रमाणाच्या चार टक्के. त्यामुळे तरफेचे डावे टोक शून्यावर नसून किंचित उजवीकडे असते. पॅटिन्सनच्या कढईत याने फारसे बिघडत नाही: निम्म्याऐवजी 52 टक्के घन येते. पण शेवटच्या थिजण्याचे चित्र बदलते. 0.1 टक्क्याचे शिसे अत्यंत सावकाश थंड झाले, तर त्यातली सगळी चांदी घनातच सामावू शकते आणि यूटेक्टिक सपाटी येणारच नाही. वरचा 40 किलोंचा आकडा तेवढ्यापुरता कागदीच. टामानच्या पद्धतीत सपाटीची लांबी ज्या प्रमाणावर शून्याला टेकते, तिथेच घनातली विद्राव्यता संपते, म्हणून अशी हद्द शोधायला ती सोयीची आहे. मात्र नेहमीच्या गतीने थंड करताना आधी थिजलेल्या स्फटिकाच्या गाभ्याला नंतरच्या द्रवाशी जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. गाभा चांदीत गरीब राहतो, ती तूट शेवटच्या द्रवात जमा होते आणि जिथे यूटेक्टिक नसायला हवे तिथेही थोडे दिसते. सपाटीवरून काढलेली विद्राव्यता त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी येते. नमुना यूटेक्टिकाच्या जरा खालच्या तापमानाला बराच काळ तापवून ठेवला की ते जादा यूटेक्टिक विरून जाते आणि चूक उघड होते. चांदीच्या टोकालाही घनात काही टक्के शिसे विरघळते, म्हणून उजव्या बाजूला शुद्ध चांदी धरून केलेला हिशोब अंदाजच समजावा.

1850 मध्ये अलेक्झांडर पार्क्स याने वितळलेल्या शिशात जस्त घालून चांदी काढण्याचे पेटंट घेतले. जस्त आणि शिसे द्रवातही पुरते मिसळत नाहीत. चांदी जस्ताकडे ओढली जाते आणि वर येणाऱ्या सायीबरोबर काढून घेता येते. तिथे लागणारी आकृती वेगळी, तीन घटकांची. या पद्धतीने कढयांच्या रांगा हळूहळू मोडीत काढल्या. पण जस्त शिशातल्या बिस्मथला हात लावत नाही. पॅटिन्सनच्या कढईत बिस्मथही चांदीप्रमाणे द्रवातच साचत जातो, त्यामुळे बिस्मथ जास्त असलेल्या शिशासाठी काही ठिकाणी स्फटिक उपसण्याची ही रीत पुढेही चालू राहिली.